बंद झालेल्या तिकिटांवरून प्रोजेक्टची तब्येत कळते का?

दावा असा फिरतोय: "प्रोजेक्टची तब्येत सांगायला दोनच आकडे पुरतात. आठवड्याला किती तिकिटं बंद झाली आणि एक तिकीट बंद व्हायला सरासरी किती दिवस लागले. हे झालेल्या कामाचे आकडे आहेत, त्यात वाद नाही. लीडिंग इंडिकेटर म्हणजे नुसते अंदाज. आणि ते वापरायचेच असतील, तर मग लॅगिंग आकडे हवेत कशाला?"

लॅगिंग म्हणजे काम झाल्यावर कळणारे आकडे, लीडिंग म्हणजे चालू कामावरून पुढची अडचण आधीच सुचवणारे. लॅगिंग आकडे खोटे नसतात, हे मान्य. पण सरासरी दिवसांचा आकडा फक्त बंद झालेल्या तिकिटांवरून निघतो. चाळीस दिवस अडकून पडलेलं तिकीट त्या हिशेबात नसतंच. ज्या दिवशी ते सुटतं त्या दिवशी सरासरी बिघडते. म्हणजे अडचण चालू असते तोवर आकडा छान दिसतो आणि अडचण मिटली की वाईट.

एक उदाहरण घेऊ. समजा एक टीम दर आठवड्याला १० तिकिटं बंद करते आणि सुरुवातीला चालू तिकिटं २० आहेत. पुढच्या सहा आठवड्यांत नवीन हाती घेतलेली तिकिटं अशी: १०, १२, १३, १३, १४, १३. एकूण ७५. बंद झाली ६०. सहाव्या आठवड्याच्या शेवटी चालू तिकिटं ३५. या सगळ्या काळात डॅशबोर्डवर "आठवड्याला १०" ही सरळ रेषा दिसते आणि सरासरी दिवसही जवळपास तेवढेच राहतात, कारण लहान, सोपी, ताजी तिकिटं पुढे निघून जातात आणि जुनी मागेच राहतात.

आता लिटलचा नियम लावा. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ साली दिली: चालू कामाची सरासरी संख्या म्हणजे कामं संपण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी वेळ. सुरुवातीला २० भागिले १० म्हणजे दोन आठवडे. शेवटी ३५ भागिले १० म्हणजे साडेतीन. चालू काम वाढत असताना हा नियम काटेकोर लागू होत नाही, तो स्थिर अवस्थेतल्या सरासरीचा आहे. त्यामुळे साडेतीन हा आकडा कुणाला तारीख म्हणून सांगू नये. पण वारं कुठे वाहतंय ते त्यातून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच दिसतं, आणि डॅशबोर्डवरच्या त्या दोन आकड्यांत ते अजून कुठेच नसतं.

तिकिटं कोणत्या स्टेटसमध्ये पडून आहेत ते बघितलं की कारणही सापडतं. या उदाहरणात ३५ पैकी १४ रिव्ह्यूमध्ये आहेत, कारण रिव्ह्यू करणाऱ्या दोघांपैकी एकाला दुसऱ्या कामावर हलवलंय. जिरा हा ट्रॅकर वापरत असाल तर अडकलेली तिकिटं अशी काढता येतात:

```
statusCategory = "In Progress" AND NOT status CHANGED AFTER -7d
```

इथे `updated` या फील्डवर विसंबू नका. कुणी "काय झालं याचं?" एवढी कमेंट टाकली तरी ते फील्ड ताजं होतं आणि जे तिकीट सगळ्यांच्या डोळ्यात खुपतंय तेच यादीतून गायब होतं.

अंदाजाच्या आरोपाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण खरी गल्लत तिथे आहे. चालू तिकिटाचं वय हा अंदाज नाही. तिकीट २२ दिवसांपासून चालू आहे, ही बंद झालेल्या तिकिटाइतकीच घडलेली गोष्ट आहे. अंदाज असतो तो पुढचा: "म्हणून हे उशिरा होणार." आणि तो अंदाज तुमच्याच ट्रॅकरच्या इतिहासावर तपासता येतो.

मागचा एखादा संपलेला रिलीज घ्या. त्याच्या मध्यावरची एक तारीख निवडा आणि त्या दिवशी कोणती तिकिटं चालू होती ते काढा. स्टेटसची नावं तुमच्या वर्कफ्लोप्रमाणे बदला:

```
status WAS IN ("In Progress", "In Review") ON "2025/03/14"
```

त्या तारखेआधी बंद झालेली ८५ टक्के तिकिटं जितक्या दिवसांत संपली होती, ती रेघ ठरवा. त्या दिवशी ज्यांचं वय रेघेच्या वर होतं त्यांच्यावर खूण करा, मग कोणती ठरल्या तारखेला पोचली ते बघा. समजा ४० तिकिटं होती. खूण केलेल्या १२ पैकी ९ उशिरा झाली, खूण नसलेल्या २८ पैकी फक्त ४. मग वय हा तुमच्याकडे कामाचा इंडिकेटर आहे. हाच प्रयोग कमेंटच्या संख्येवर केला आणि दोन्ही गटांत उशिराचं प्रमाण सारखंच निघालं, तर कमेंटचा आलेख डॅशबोर्डवरून काढून टाका, तो कितीही देखणा असला तरी. एका रिलीजवर निकाल लावू नका, दोन-तीन तपासा. आणि प्रत्येक तिकिटाची त्या दिवशीची स्थिती हिस्टरीतूनच घ्या. आजच्या फील्डवरून काढलीत तर नंतर घडलेलं आधीच माहीत असल्यासारखा हिशेब होतो आणि कुठलाही इंडिकेटर हुशार वाटू लागतो.

"मग लॅगिंग हवेत कशाला" याचं अर्धं उत्तर इथेच आलं. उशिरा झालं की नाही, हा लॅगिंग आकडाच आहे. तो नसेल तर लीडिंग इंडिकेटर खरा की खोटा हे कशावर घासून बघणार?

उरलेलं अर्धं उत्तर वरच्याच टीमकडे आहे. समजा तिने उपाय केला: रिव्ह्यूमध्ये एका वेळी पाचच तिकिटं. दोन आठवड्यांत रिव्ह्यूची रांग १४ वरून ४ वर आली. चालू तिकिटांचं वय उतरलं. सगळे लीडिंग आकडे हिरवे. पण आधीच्या ६० बंद तिकिटांपैकी ३ पुन्हा उघडली होती आणि नंतरच्या ६० पैकी ११ उघडली. रिव्ह्यू करणारा माणूस एकच राहिला होता. रांग लहान ठेवायचा दबाव आला, तेव्हा तो वरवर बघून पुढे ढकलू लागला. रांगेच्या आकड्यात हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण नीट तपासलेलं आणि न तपासलेलं तिकीट रांगेतून सारखंच बाहेर पडतं. वयाचा आकडा तर याहून सोप्या रीतीने फसतो: तिकीट उचलून "थांबलेलं" अशा नव्या स्टेटसमध्ये टाकलं आणि ते स्टेटस मोजणीत धरलं नाही, की झालं.

म्हणून प्रत्येक लीडिंग आकड्याला त्याची फसवणूक उघडी पाडणारा एक लॅगिंग जोडीदार हवा. रिव्ह्यूच्या रांगेला पुन्हा उघडलेली तिकिटं. चालू तिकिटांच्या वयाला ठरल्या तारखेला पोचलेल्या कामाचं प्रमाण, आणि ते मोजताना मूळ तारीख धरायची, मागाहून बदललेली नाही. अशा दोन-तीन जोड्या पुरे. वीस आलेख लावले तर कुणी बघत नाही.

पुन्हा उघडलेल्या तिकिटांच्या मोजणीत एक खाच आहे. मागच्या आठवड्यात बंद झालेल्या तिकिटाला पुन्हा उघडायला अजून वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे सगळ्यात ताजा आठवडा नेहमीच चांगला दिसतो. तिकिटं बंद झालेल्या आठवड्यानुसार गटात टाका आणि प्रत्येक गटाला सारखी मुदत द्या, समजा ३० दिवस. ती मुदत पूर्ण न झालेला गट आलेखात दाखवूच नका.