उजेडाच्या खोलीतला टीव्ही: नावापेक्षा भिंत आणि उजेडाचे निट बघा

फिरत असलेला मेसेज: “कोकणात घर असेल तर ओएलईडी टीव्ही अजिबात घेऊ नका. दिवसा काही दिसत नाही आणि दमट हवेत वर्षभरात पडदा जातो. क्यूएलईडी घ्या, तंत्र तेच आणि ब्राइटनेस दुप्पट. साधा एलईडी तर आता कोणी फुकटही घेऊ नये.”

सुरुवात क्यूएलईडीपासून करतो, कारण लोकांचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच जातात. क्यूएलईडी हा मुळात एलसीडी टीव्हीच आहे. साध्या एलईडीसारखेच मागे दिवे आणि पुढे एलसीडीचा पडदा. फरक असा की मागचे दिवे निळे असतात आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉटची फिल्म असते. तिच्यातले अतिसूक्ष्म कण निळ्या प्रकाशाचा काही भाग शुद्ध लाल आणि हिरव्या प्रकाशात बदलतात, म्हणून रंग भरदार दिसतात. ओएलईडीत मागे दिवाच नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. तेव्हा तंत्र ‘तेच’ नाही.

राहिला ब्राइटनेस. तो फिल्मवर नाही, मागच्या दिव्यांवर ठरतो: किती दिवे आहेत आणि ते किती जोरात चालवलेत. पडद्याचा उजेड निटमध्ये मोजतात, जितके निट जास्त तितका पडदा तेजस्वी. स्वस्तातल्या क्यूएलईडीत साधारण २५० ते ३५० निट मिळतात, म्हणजे त्याच किमतीच्या साध्या एलईडीएवढेच. भरदिवसा खरा फरक पडतो तो मिनी एलईडी, म्हणजे मागे अगदी बारीक दिवे, असलेल्या चांगल्या मॉडेलमध्ये. तिथे दिव्यांचे शेकडो झोन वेगवेगळे मंद-तेज होतात आणि पूर्ण पडदा पांढरा असतानाही ६०० निट किंवा त्याहून जास्त उजेड टिकतो. खोक्यावरच्या एचडीआर१० किंवा डॉल्बी व्हिजनच्या खुणेवर जाऊ नका. तो सिग्नल टीव्हीला वाचता येतो, एवढंच त्यातून कळतं.

ओएलईडी दिवसा मंद वाटतो, यात तथ्य आहे, पण अर्धंच. काळ्या पडद्यावर छोटा पांढरा चौकोन दाखवला तर आजचे चांगले ओएलईडी हजार निटच्या आसपास किंवा वर जातात. तोच चौकोन मोठा करत पूर्ण पडदाभर नेला की विजेचा आणि उष्णतेचा भार आवरण्यासाठी टीव्ही स्वतःच उजेड कमी करतो. बऱ्याच मॉडेलांत तो २०० निटच्या आसपास येतो. दुकानात हे डोळ्यांनी बघता येतं. आधी टीव्ही शोरूम मोडमधून होम मोडवर आणायला सांगा, मग यूट्यूबवर पांढऱ्या पडद्याचा व्हिडिओ लावा, आधी छोटा चौकोन आणि मग पूर्ण पडदा. दुपारच्या क्रिकेट सामन्यात हिरवं मैदान आणि पांढरे कपडे पडदाभर असतात, म्हणून ओएलईडीची ही मर्यादा तिथेच जाणवते. रात्रीच्या सिनेमात ती लक्षातही येत नाही.

आता मेसेजमध्ये नसलेली, पण सगळ्यात मोठी गोष्ट: खोलीतला उजेड पडद्यावरून परत येतो. वेळणेश्वरला माझ्या मावशीचं घर आहे, दार पश्चिमेला, समोर समुद्र. टीव्ही दारासमोरच्या भिंतीवर होता. दुपारी चारला दार उघडं असताना फोनवरच्या लक्समीटरने, म्हणजे भिंतीवर पडणारा उजेड मोजणाऱ्या ॲपने, तिथे साधारण ३०० लक्स दाखवले. पडद्याने त्यातला २ टक्के प्रकाश सगळीकडे विखुरला असं धरू. अशा विखुरलेल्या प्रकाशाच्या लक्सचे निट करायला ३.१४ ने भागतात: ३०० गुणिले ०.०२, भागिले ३.१४, म्हणजे जवळपास २ निट. आता काळा रंग शून्य नाही, तर २ निटचा आहे. ३०० निटच्या साध्या एलईडीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, मग दीडशेला एक होतो, ६०० निटच्या मिनी एलईडीचा तीनशेला एक, आणि पूर्ण पांढऱ्यात २०० निट देणाऱ्या ओएलईडीचा शंभराला एक. ज्या गडद काळ्यासाठी ओएलईडीला जास्त पैसे मोजतो, तो काळा रंग दुपारी त्या भिंतीवर उरतच नाही.

हे झालं विखुरलेल्या प्रकाशाचं. आरशासारखं प्रतिबिंब त्याहून वाईट. दारातून दिसणारं चकाकतं पाणी आणि आकाश हजारो निटचं असतं. ४,००० धरले आणि पडद्याने २ टक्के परत फेकले, तर पडद्यावर ८० निटचं दार उमटतं. सिनेमातला रात्रीचा प्रसंग बहुतांशी १० निटच्या आतबाहेर असतो. तो प्रसंग महागड्या मिनी एलईडीवरही त्या दाराखाली बुडणारच, कारण काळोखाचा प्रसंग तिथेही काळोखाच असतो.

म्हणून खरेदीआधी एक हातआरसा घ्या, टीव्ही जिथे लागणार तिथे भिंतीला सपाट धरायला कोणाला तरी सांगा आणि आपल्या बसायच्या जागेवरून बघा. आरशात दार, खिडकी किंवा छपरातलं काचेचं कौल दिसलं, तर टीव्हीतही तेच दिसणार. मावशीकडे टीव्ही उत्तरेच्या भिंतीवर नेला. आता आरशात समोरची चिऱ्याची भिंत दिसते आणि लक्स निम्म्याहून खाली आले. टीव्ही जुना, साधा एलईडीच आहे आणि दुपारच्या मालिका त्यावर व्यवस्थित दिसतात. साध्या एलईडीला टाकाऊ म्हणणाऱ्यांनी असं एखादं घर बघावं. बाजूला, ओटीच्या कडेला बसून बघणारे असतील तर एलसीडीतल्या आयपीएस जातीचं पॅनेल घ्यावं, तिरकं बघताना रंग उडत नाहीत. त्याचा काळा रंग राखाडी असतो हे खरं, पण उजेडात तसाही सगळ्यांचाच काळा राखाडी होतो. रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्यांनी मात्र एलसीडीचीच दुसरी जात, जास्त गडद काळा देणारं व्हीए पॅनेल बघावं.

ओएलईडीच घ्यायचा असेल तर त्यातही दोन जाती आहेत. पांढऱ्या ओएलईडीवर रंगाची गाळणी असलेल्या पॅनेलला पुढे पोलरायझर असतो, तो बाहेरचा प्रकाश गिळतो, त्यामुळे उजेडात त्याचा काळा त्यामानाने कमी राखाडी होतो. क्यूडी-ओएलईडीत, म्हणजे निळ्या ओएलईडीवर क्वांटम डॉट असलेल्या पॅनेलमध्ये, आजवरच्या बहुतेक मॉडेलांत पोलरायझर नाही. रंग सुंदर, पण उजेड पडला की काळ्यावर जांभळट राखाडी झाक येते. उजेडाच्या खोलीत पहिली जात बरी.

दमट हवेचं म्हणाल, तर ओएलईडीचा सेंद्रिय थर पाण्याच्या वाफेने खराब होतो, हे खरं आहे. म्हणूनच कारखान्यात तो हवाबंद करून येतो. खारी हवा गंज चढवते ती मागच्या सर्किट बोर्डांना आणि जोडण्यांना, आणि ते बोर्ड तिन्ही प्रकारांत सारखेच असतात. भिंत ओल धरत असेल तर टीव्ही आणि भिंतीत बोटभर तरी अंतर ठेवा, पावसाळ्यात दिवसातून थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे आतली उष्णता ओल धरू देत नाही.

ओएलईडीचं खरं दुखणं वेगळंच आहे. पिक्सेल जितका जोरात आणि जितका वेळ चालतो तितका तो झिजतो. उजेडाच्या खोलीत ब्राइटनेस कायम पूर्ण ठेवून दिवसभर मराठी बातम्यांचं चॅनेल लावलं, तर खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो यांची जागा असमान झिजते आणि मग दुसरं काही लावलं तरी त्याची सावली दिसते. घरात असं चॅनेल दिवसभर चालू राहत असेल तर एलईडी किंवा मिनी एलईडीच घ्या. तरीही ओएलईडी घेणार असाल तर वॉरंटीत अशी कायमची सावली, म्हणजे बर्न-इन, धरली आहे का हे दुकानदाराला तोंडी विचारून थांबू नका, वॉरंटीच्या कागदावर वाचून घ्या.