बेथानेकॉलच्या गोळीने तुंबलेली लघवी का सुटत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

मूत्राशयाच्या औषधांवरील माझ्या लेखात, तुंबलेली लघवी सुटावी म्हणून दिली जाणारी बेथानेकॉलची गोळी बहुतेक रुग्णांना निरुपयोगी ठरते असे मी लिहिले होते; लघवीची अवेळी घाई कमी करणाऱ्या मिराबेग्रॉनविषयीही लिहिले होते. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "मूत्राशयात एम३ रिसेप्टर सर्वांत जास्त असतात हे आपले विधान चुकीचे आहे. बेथानेकॉलविषयी तर आपण कहरच केला आहे. मूत्राशय आकुंचन पावते ते असेटिलकोलिनमुळे, आणि बेथानेकॉल नेमके तेच काम करते; मग ते 'बहुतेक रुग्णांना निरुपयोगी' कसे? औषधशास्त्राचे पुस्तक एकदा तरी उघडून पाहिलेला माणूस असे लिहिणार नाही. मिराबेग्रॉनची तारीफ मात्र कंपनीने लिहून दिल्यासारखी वाटते."

उत्तर:

पहिला मुद्दा मला मान्य आहे. असेटिलकोलिन या मज्जातंतूंतून सुटणाऱ्या रसायनाचा निरोप पकडणाऱ्या रिसेप्टरांपैकी मूत्राशयाच्या स्नायूत एम२ संख्येने अधिक असतात आणि एम३ कमी. आकुंचनाचा मुख्य भार मात्र एम३च उचलतात. मला 'सर्वांत महत्त्वाचे' म्हणायचे होते आणि लिहिले गेले 'सर्वांत जास्त'. लेखात मी ती दुरुस्ती केली आहे.

पुस्तक उघडून पाहण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र बोलणे भाग आहे. औषधशास्त्रातला हा भाग मी १९ वर्षे शिकवला, आणि त्यानंतरची सहा वर्षे घरात आईच्या आजारपणात त्याचाच सामना केला. माझे मत आपल्याला पटले नाही तर तसे जरूर लिहावे. परंतु समोरच्याने अभ्यासच केलेला नाही असे ठरवून बोलायला काही आधार लागतो, आणि आपल्या पाच वाक्यांत तो मला कुठेही सापडला नाही.

आता आपले मधले वाक्य पाहू. ते ऐकायला बिनतोड वाटते आणि म्हणूनच दिशाभूल करते. लघवी होणे म्हणजे केवळ मूत्राशयाचे आकुंचन नव्हे. मूत्राशय भरत असताना पाठीच्या कण्याच्या खालच्या छातीच्या व वरच्या कमरेच्या भागातून येणारे सिंपथेटिक तंतू नॉरअॅड्रेनलिन हे रसायन सोडतात. त्यामुळे बीटा३ रिसेप्टरांद्वारे मूत्राशयाची भिंत सैल राहते आणि अल्फा१ रिसेप्टरांद्वारे त्याचे मुख आवळलेले राहते. बाहेरची झडप प्युडेंडल मज्जातंतू धरून ठेवतो. लघवी करायची वेळ आली की मेंदूच्या देठातील केंद्र त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीवरून निघणाऱ्या पॅरासिंपथेटिक तंतूंना चालना देते, आणि त्याच क्षणी बाकीच्या दोघांना थांबवते. भिंत आवळते आणि मुख उघडते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. बेथानेकॉल यांतली फक्त पहिली गोष्ट करू पाहते. मुख उघडण्याचा निरोप ते कोणालाही देत नाही.

आकुंचनाचेही तसेच आहे. मज्जातंतूच्या टोकाशी असेटिलकोलिन भरपूर प्रमाणात, अगदी जवळून सुटते आणि कोलिनेस्टरेज हे विकर ते लगेच मोडून टाकते. त्यामुळे स्नायूंचे सगळे पदर एका लयीत आवळतात आणि मूत्राशय रिकामे होईपर्यंत ती लाट टिकते. बेथानेकॉल कोलिनेस्टरेजने मोडत नाही. ते रक्तातून सगळीकडे पातळ प्रमाणात पोहोचते आणि स्नायूवर बराच वेळ नुसते रेलून राहते. भिंतीचा ताण वाढतो, पण लाट उठत नाही.

याचा पुरावा जुन्या एका चाचणीतच आहे. लॅपिडेस या मूत्ररोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या या चाचणीत मूत्राशयात १०० मिलिलिटर द्रव भरून २.५ मिलिग्रॅम बेथानेकॉल त्वचेखाली टोचतात. मज्जातंतू तुटलेला असेल तर स्नायू अतिसंवेदनशील झालेला असतो, आणि आतला दाब पाण्याच्या १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चढतो. म्हणजे औषध रिसेप्टरपर्यंत पोहोचते, दाबही वाढवते. तरीही तेवढ्याने रुग्णाला लघवी होते असे नाही. दाब चढणे आणि मूत्राशय रिकामे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली सगळी टीका त्यांना एक समजण्यावर उभी आहे.

माझ्या आईला २० वर्षांचा मधुमेह होता. तिला वारंवार, थोडीथोडी लघवी होई आणि कपड्यांत गळे. एका दवाखान्यात लघवी झाल्यानंतरची सोनोग्राफी न करताच 'अतिक्रियाशील मूत्राशय' असे निदान झाले आणि मूत्राशयाचे आकुंचन दाबणारे टोल्टेरोडिन सुरू झाले. दहा दिवसांत ओटीपोट फुगले. तपासले तेव्हा लघवी करून आल्यावरही आत ४२० मिलिलिटर शिल्लक होती. मूत्राशयाची संवेदना मंदावलेली, भिंत ताणून ढिली झालेली; जे गळत होते ते काठोकाठ भरून सांडणारे होते. गोळी बंद केली. अडथळा नाही याची खात्री करून बेथानेकॉल २५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा दिले. तिला घाम सुटे, तोंडात लाळ भरे, पोटात मुरडा येई. तीन आठवड्यांनी शिल्लक लघवी ३९० मिलिलिटर होती. तेवढा फरक एका दिवसाच्या दोन मोजण्यांतही पडतो. शेवटी ती दिवसातून चार वेळा स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिकली, आणि गळणे थांबले. हे पुस्तकात वाचलेले नाही, मी शेजारी बसून मोजलेले आहे.

तरीही ही गोळी मागायला लोक का जातात, हे मला समजते. शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर तुंबलेली लघवी बऱ्याचदा नळी घातल्यावर दोन-चार दिवसांत आपोआप सुटते, आणि त्याच दिवसांत गोळी चालू असेल तर श्रेय तिला मिळते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. शिवाय प्रोस्टेटमुळे वाट अडली असेल, तर बंद दारावर आतून जोर लावण्याने त्रास वाढतो; म्हणून अडथळ्यात हे औषध वर्ज्य आहे. दम्याच्या रुग्णालाही ते देत नाहीत, कारण श्वासनलिका आवळतात.

मग उलट दिशेची औषधे का चालतात? सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन यांसारखी औषधे रिसेप्टरवरच्या जागेसाठी असेटिलकोलिनशी स्पर्धा करतात. मूत्राशय भरत असताना अस्तरातून आणि मज्जातंतूंतून झिरपणारे असेटिलकोलिन थोडे असते, म्हणून तिथे औषध जिंकते आणि अवेळी येणारी घाई कमी होते. लघवी करताना एकदम सुटणाऱ्या मोठ्या साठ्यापुढे नेहमीच्या मात्रेतले औषध मागे पडते, म्हणून बहुतेकांना लघवी अडत नाही. स्नायू आधीच दुबळा असेल तर मात्र हा हिशेब उलटतो, आणि माझ्या आईच्या बाबतीत नेमके तेच झाले.

मिराबेग्रॉन भरण्याच्या टप्प्यातल्या बीटा३ रिसेप्टरांना चालना देते, असेटिलकोलिनच्या वाटेला जात नाही. त्यामुळे तोंड कोरडे पडण्याची तक्रार कमी असते. रक्तदाब वाढू शकतो, आणि तो १८०/११० किंवा त्याहून जास्त असून आटोक्यात नसेल तर हे औषध देत नाहीत, हे मी मूळ लेखात लिहिले होते. आपण तिथवर वाचले की नाही, मला शंका आहे. कंपनीविषयीच्या वाक्याला मी उत्तर देणार नाही.

बेथानेकॉलने रिकामे होणारे मूत्राशय आपण पाहिले असेल, तर मला कृपया तीन गोष्टी कळवा: गोळीपूर्वी शिल्लक लघवी किती होती, नंतर किती राहिली, आणि मधल्या दिवसांत नळी होती का. मी त्या नीट वाचेन.