मागे दुमडलेला अ

शनिवारी संध्याकाळी छपाईच्या दुकानातील फरशीवर मी दहा फूट लांब आणि चार फूट उंच फ्लेक्स उलगडला, तेव्हा त्यावर ‘विस्मरणीय ५० वर्षे’ असे छापलेले होते. मामा-मामींच्या लग्नाला पन्नास वर्षे होत होती, समारंभ दोन दिवसांवर आला होता आणि घरात संगणक येणारा मी एकटाच असल्यामुळे फलकाचे काम माझ्या गळ्यात पडले होते. मी ‘अविस्मरणीय’ असेच लिहिले होते, हे मी शपथेवर सांगू शकतो. फलकाच्या डाव्या काठाला मात्र त्या ‘अ’ची फक्त उभी दांडी शिल्लक होती आणि तीही एखाद्या खांबासारखी काठाला इतकी टेकून उभी होती की ती अक्षराचा भाग आहे हे कोणालाही सांगून पटले नसते.

मशीन चालवणाऱ्या तरुणाला मी जाब विचारला, तेव्हा त्याने अत्यंत नम्रपणे उत्तर दिले, “सर, तुमच्या फाइलला ब्लीड नव्हतं. मी दिलं.”

ब्लीड म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर मुद्दाम वाढवलेली पार्श्वभूमी, हे मला ठाऊक होते. फ्लेक्स गुंडाळीवरून मशीनमध्ये सरकताना किंचित तिरका जातो, पट्टी लावून हाताने कापताना सुरी थोडी इकडेतिकडे होते, आणि पार्श्वभूमी नेमकी कापरेषेवर संपत असेल तर तेवढ्या चुकीनेही काठाला पांढरी चिंधी दिसू लागते. साध्या कार्डाला तीन मिलिमीटर ब्लीड पुरते. पण या दुकानात फलकाचे काठ मागे दुमडून चिकटवतात, म्हणून चारही बाजूंना दोन-दोन इंच हवे होते. मला ठाऊक नव्हते ते एवढेच, की ते मी द्यायचे असते.

मी काही बोलणार, एवढ्यात बाकावर बसलेले एक गृहस्थ उठले. त्यांचे या प्रकरणाशी काहीही देणेघेणे नव्हते. ते स्वतःची कार्डे छापायला टाकण्यासाठी आले होते आणि हातात नमुन्याचा कागद घेऊन आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फलकाभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, डाव्या काठापाशी उकिडवे बसून दुमडलेली पट्टी बोटांनी चाचपली आणि विहिरीत हरवलेला तांब्या सापडल्याच्या आनंदाने ओरडले, “अहो, हा काय तुमचा अ! मागे आहे!”

मी वाकून पाहिले. खरोखरच मागच्या बाजूला, चिकटवलेल्या पट्टीवर, माझ्या ‘अ’चे बहुतेक पोट सुखरूप पडलेले होते.

“म्हणजे छापलंय त्यांनी,” गृहस्थ न्यायाधीशाच्या सुरात म्हणाले. “त्यांच्याकडून काही कमी झालेलं नाही. तुम्ही मागून वाचलंत तर बरोबर आहे.”

“मागून कोण वाचणार?”

“का? व्यासपीठावरचे लोक कुठे बसतात? फलकाच्या पुढेच ना? मान वळवली की त्यांना मागची बाजू...” येथे त्यांच्या लक्षात आले की फलक भिंतीला लागून असतो. पण माघार घेणे त्यांच्या स्वभावात नसावे. “आणि खरं सांगू का? विस्मरणीय हेही काही चूक नाही. माझ्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. मला त्यातली सहा-सात आठवतात.”

मशीनवरचा तरुण हसला. मी हसलो नाही, आणि अजूनही मला त्यात विशेष हसण्यासारखे काही दिसत नाही. गृहस्थांनी मग खिशातून मार्कर काढला (खिशात मार्कर बाळगणारी माणसे माझ्याच वाट्याला का येतात, हा स्वतंत्र विषय आहे) आणि “द्या, मी अ काढून देतो, अक्षर चांगलं आहे माझं” असे म्हणत ते गुडघ्यांवर बसूही लागले. जागा कुठे आहे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी ‘वि’च्या वेलांटीवर बोट ठेवून ती “थोडी खोडून” बसवता येईल असे सांगितले. मी फलक गुंडाळायला घेतला, तरी एका टोकाला त्यांचा गुडघा होता.

एका अक्षराने मला एवढे का छळावे, हे मला समजून घ्यायचे होते. म्हणून मी त्या तरुणाच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि त्याने नेमके काय केले ते विचारले. त्याने जे केले होते ते ऐकताना पूर्णपणे शहाणपणाचे वाटते. माझे चित्र १२० इंच बाय ४८ इंच होते. चारही बाजूंना दोन इंच वाढवायचे म्हणजे १२४ बाय ५२ हवे. माझी फाइल सपाट जेपीजी होती, म्हणजे अक्षरे आणि पार्श्वभूमी एकमेकांत विरघळलेली, त्यामुळे त्याने अख्खे चित्रच मोठे केले. लांबीला दोन-दोन इंच मिळावेत म्हणून सुमारे सव्वातीन टक्के वाढवले, तर उंची ४९.६ इंचच झाली. वरखाली प्रत्येकी जेमतेम पाऊण इंच. मग उंची ५२ होईपर्यंत वाढवत नेले, तेव्हा लांबी १३० इंच झाली, आणि दोन्ही बाजूंचे जादा तीन-तीन इंच त्याने उडवून टाकले. उंची आणि लांबी वेगवेगळी ताणली असती तर अक्षर वाचले असते का, असे मी विचारले. तो म्हणाला, “तसं केलं की फोटोतली माणसं जाड होतात, सर. लोक भांडायला येतात.”

आता माझा ‘अ’ काठापासून दोन इंच आत, म्हणजे फलकाच्या मध्यापासून ५८ इंचांवर सुरू होत होता. चित्र मध्य धरून वाढवले की मध्याजवळच्या वस्तू थोड्या सरकतात आणि काठाजवळच्या सर्वांत जास्त. ५८ चे जवळजवळ ६३ झाले, आणि दुमडायची रेषा तर ६० वरच होती. तीन इंच रुंदीच्या अक्षरापैकी शेवटची दांडी तेवढी रेषेच्या आत राहिली, पोट दुमडीवर गेले आणि डावीकडचा थोडासा भाग कचऱ्याच्या पेटीत. ज्या ब्लीडमुळे काठ सुरक्षित राहायचा, ते अशा रीतीने दिले की मजकूरच बाहेर ढकलला जातो, हे त्या तरुणाला माहीत होते का? होते. “पण सर, रोज दहा फाइल अशाच येतात. प्रत्येकाला फोन करत बसलो तर छापायचं कधी?” मला राग आला होता आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की माणसाची मोठी पंचाईत होते. तरीही, अक्षर कापले जात आहे हे दिसत असताना एक फोन करायला काय हरकत होती, हा माझा प्रश्न आजही कायम आहे.

घरी येऊन मी मूळ फाइल उघडली, जिच्यात थर अजून वेगवेगळे होते. अक्षरांच्या थराला हात न लावता `Canvas Size` मध्ये जाऊन कागद तेवढा मोठा केला. मी एक-दशांश मापात काम करत होतो, त्यामुळे १२.४ बाय ५.२ इंच. या मापात दोन इंचांचे ब्लीड ०.२ इंच होते, आणि ते विसरून पहिल्या झटक्यात मी पूर्ण दोन इंच वाढवले, म्हणजे प्रत्यक्षात वीस इंच. त्या हिशेबाने मामांच्या फलकाला भिंतही दुसरी शोधावी लागली असती.

वाढलेल्या रिकाम्या पट्टीत पार्श्वभूमी कशी भरायची, हा खरा प्रश्न होता. पार्श्वभूमी एकाच रंगाची असती तर ती ओढून मोठी केली की काम संपले असते, पण मागे मामांच्या बागेचा फोटो होता. डाव्या बाजूला नुसती पाने होती, तेथे सोपा उपाय चालला: काठाची दोन इंचांची पट्टी निवडायची, तिची प्रत काढून `Flip Horizontal` करायची आणि काठाला बाहेरून चिकटवायची. आरशातल्यासारखी ती पट्टी काठाशी बेमालूम जुळते, कारण जोडावर दोन्हीकडे तेच पान असते. सुरी पाच मिलिमीटर बाहेर गेली तरी दिसणार ती पानेच.

उजव्या बाजूला मात्र मामींची मांजर बसली होती. तिचे डोके आणि छाती चौकटीत होती, बाकीची मांजर बाहेर. आरसा लावताच दोन डोकी असलेले आणि शेपूट नसलेले एक पुराणकालीन जनावर तयार झाले. वीस मिनिटे पाने चोपडून मी तिचे दुसरे डोके झाकू पाहत होतो; मग मला सुचले की फोटो मीच कापला होता, तेव्हा मूळ फोटोत काय आहे ते पाहावे. उरलेली मांजर तेथे शेपटीसकट बसलेली होती. फोटो त्याच मापात, त्याच जागी पुन्हा ठेवला आणि बाहेरचा भाग उघडा केला, की ब्लीड आपोआप मिळाले. हे आधी पाहायचे असते. आरसा हा मूळ फोटो संपल्यावरचा उपाय आहे.

मजकूर मी काठापासून चार इंच आत घेतला, कारण दोरी ओवण्याची कडी काठापासून साधारण इंचभर आत ठोकतात आणि ‘अ’ वाचवून त्याच्या कपाळाला भोक पाडून घेण्याची माझी तयारी नव्हती. मामींना काठाला अर्ध्या इंचाची सोनेरी किनार हवी होती. कापताना फलक चार मिलिमीटर सरकला तर एका बाजूची किनार दुसऱ्या बाजूच्या जवळजवळ दुप्पट दिसते, आणि अशी चूक आंधळ्यालाही दिसते, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, “मग सरकू देऊ नकोस.” मी किनार तीन इंच आत नेली आणि त्यांना काही सांगितले नाही.

रविवारी दुपारी फाइल नेली. “मोठी-लहान करू नका, आहे तशी छापा,” असे मी तीनदा सांगितले. तरुणाने ती उघडून माप पाहिले, १२.४ बाय ५.२ वाचून मान डोलावली आणि दहापट करून छापायला लावली.

संध्याकाळी फलक घ्यायला गेलो, तर बाकावर तेच गृहस्थ. त्यांनी न विचारता काठ उलटा केला, निरखून पाहिला आणि निराश होऊन म्हणाले, “यात तर काहीच नाही. नुसती पानं. तीही उलटी. म्हणजे चारही बाजूंनी दोन-दोन इंच तुम्ही फुकट छापलेत!” जागा वाया घालवणे त्यांना मुळीच पसंत नव्हते. स्वतःचे कार्ड कसे भरगच्च केले आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी नमुन्याचा कागद माझ्यापुढे धरला. नावाखाली, पत्त्याखाली, अगदी उजव्या काठाला खेटून त्यांचा फोन क्रमांक होता, आणि त्याचा शेवटचा आकडा कापरेषेपासून फार तर एक मिलिमीटर आत.

“हजार टाकलीत,” ते म्हणाले. “आज रात्री छापतायत. कशी वाटतात?”

छान आहेत, असे मी म्हणालो आणि फलक उचलला.