बसलं का?

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या वायरमनने माझ्या डब्याला काळी टेप गुंडाळली. दोन वेढे, आणि शेवटी दातांनी तोडलेलं टोक. वॉचमनच्या केबिनमध्ये टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा जो डबा आहे, त्याला आता पाय मुरगळल्याची कळा आली आहे. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या त्या डब्यावर माझे तीन आठवडे गेले होते. स्क्रू नाही, गोंद नाही, नुसतं दाबलं की झाकण बसतं, हा त्याचा एकमेव अभिमान होता.

मुळात स्क्रू का नको, हे मला सगळ्यांनी विचारलं. बायकोने तर "फेविक्विक लाव आणि जेवायला ये" असं एका वाक्यात प्रकरण मिटवलं होतं. पण आतल्या सर्किटची वायर सहा महिन्यांनी निघणार हे मला माहीत आहे. चिकटवलेला डबा उघडायचा म्हणजे फोडायचा. आणि छापलेल्या प्लॅस्टिकच्या भोकात स्क्रू चार-पाचदा आत-बाहेर केला की आटे झिजतात आणि तो नुसता गरगर फिरतो. म्हणून क्लिप. टीव्हीच्या रिमोटच्या मागच्या झाकणाला असते तशी. (ती तुमच्याही घरी तुटलेली आहे आणि तिथे रबरबँड आहे, हे मी न बघता सांगतो. ती का तुटली, ते पुढे येईलच.)

पहिला डबा ९० बाय ६० मिलिमीटर. झाकणाला खाली चार उभे पाय, प्रत्येक पायाच्या टोकाला अडकवायचा आकडा. पाय ८ मिमी लांब, २ मिमी जाड. मजबूत हवेत म्हणून जाड. पाच तास छपाई. मी झाकण ठेवलं, दाबलं आणि कट्ट असा खणखणीत आवाज आला. "बसलं!" म्हणून मी ओरडलो. तो आवाज पाय तुटल्याचा होता. तुकडा उडून थेट तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या चहात पडला.

काका तिथे का होते, हा प्रश्न विचारायचा नसतो. ते असतात. पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यातून टूलरूम अजून निवृत्त झालेली नाही. शर्टाच्या खिशात इतरांचा चष्मा असतो, काकांचा जाडी मोजायचा व्हर्नियर असतो. गेल्या दिवाळीत त्यांनी आमच्या घरी चकलीला व्हर्नियर लावला होता आणि "तीन जागी तीन मापं येतायत वहिनी, सोऱ्याची चकती तपासा" असं सांगून चकली परत ताटलीत ठेवली होती.

काकांनी चमच्याने चहातून तुकडा काढला, धोतराला पुसला आणि जबड्यात धरला. व्हर्नियरच्या.

"हा किती जाड केलायस?"

"दोन मिलिमीटर."

"दोन म्हणजे किती?"

"दोन म्हणजे दोन, काका."

"दोन म्हणजे दोन कधीच नसतं. दोन म्हणजे दोन आणि अमुक, नाहीतर दोन आणि तमुक कमी. तुझा दोन कुठला?"

"संगणकावर दोन आहे."

"संगणकावर मी पण पंचवीस वर्षांचा आहे." त्यांनी माप वाचलं. "दोन पॉइंट एक सहा. आणि तुटलाय कसा बघ. करवतीने कापल्यासारखा सपाट. हे तुटलेलं नाही, हे उसवलंय."

आणि इथे, मला कितीही राग आला तरी, त्यांचं बरोबर होतं. छपाईयंत्र वितळलेल्या प्लॅस्टिकचा धागा पसरत खालून वर थर देत जातं, पोळ्यांच्या चवडीसारखं. उभा पाय म्हणजे चवडच. तो वाकवला की ताण नेमका दोन पोळ्यांच्या मधे येतो, आणि थरांमधली पकड प्लॅस्टिकच्या अंगच्या ताकदीपेक्षा कमीच असते. वाकणारी क्लिप आडवी छापली, म्हणजे धागे तिच्या लांबीच्या दिशेने गेले, तरच ती वाकते. उभी छापली की उसवते.

"आता हिशेब कर," काका म्हणाले. "किती वाकवतोस?"

"आकडा एक मिलिमीटर पुढे आहे. म्हणजे एक."

"दीड गुणिले जाडी गुणिले वाक, भागिले लांबीचा वर्ग. मुळाशी किती ताणतंय ते येतं. कर."

मी मोबाइल काढला. त्यांनी मोबाइलकडे असं पाहिलं की मी तो परत ठेवला आणि तोंडी केलं. दीड गुणिले दोन गुणिले एक, तीन. आठाचा वर्ग चौसष्ट. तीन भागिले चौसष्ट, म्हणजे सुमारे पावणेपाच टक्के. पीएलए नावाचं जे प्लॅस्टिक मी वापरलं होतं, ते आडव्या छपाईतही दीड-दोन टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. मी उभ्या छपाईत पावणेपाच मागत होतो.

"म्हणजे आणखी जाड करू?" मी विचारलं.

काका इतके हसले की चहा सांडला. मग त्यांनी मला ताटलीतल्या बिस्किटाकडे बोट दाखवून "हे जाड केलं तर वाकेल का?" असं विचारलं, शेजारचा झाडूचा हीर उपटून वाकवून दाखवला, आमच्या बायकोला झाडू का मोडताय याचं उत्तर दिलं, आणि निवृत्तीआधीच्या एका साच्याची पाऊण तासाची गोष्ट सांगितली, जिच्यात कुणी तरी साहेब होता आणि शेवटी काकाच बरोबर निघाले. गोष्टीचं सार एवढंच होतं: जाडी वाढवली की ताण वाढतो. लांबी दुप्पट केली की तो चौथाई होतो, कारण लांबीचा वर्ग खाली आहे. क्लिप तुटली की आपण ती जाड करतो, आणि ती आणखी लवकर तुटते. रिमोटवाल्यांकडे जागाच नसते, त्यांची क्लिप आखूड, म्हणून तुमच्याकडे रबरबँड.

जागा माझ्याकडेही नव्हती. डबा २८ मिमी उंच, आत सर्किट. उभा लांब पाय मावणार कुठे? दोन रात्री मी यावर जागा राहिलो, आणि हे उत्तर माझं आहे, काकांचं नाही, हे मला नमूद करायचं आहे. उंची नसेल, पण भिंत लांब आहे. लांब भिंतीच्या वरच्या काठाची २० मिमीची पट्टी मी खालून एक आडवी चीर आणि टोकाला एक उभी चीर देऊन सुटी केली. एक टोक भिंतीला, दुसरं मोकळं. भिंतीतच जीभ तयार झाली. ती आडवीच असल्यामुळे धागे आपोआप लांबीच्या दिशेने. जाडी भिंतीचीच, १.६. दीड गुणिले १.६ गुणिले एक, भागिले चारशे: ०.६ टक्के. जीभ झाकण बसताना बाहेर झुकते आणि परत येते. मोकळं टोक छापताना हवेत लोंबू नये म्हणून त्याच्याखाली एक तिळाएवढा आधार ठेवला आणि नंतर ब्लेडने कापला. मुळाशी कोपरा काटकोनात न ठेवता गोल केला, कारण फाटायला सुरुवात तिथूनच होते. जिभेवरच्या आकड्याला वरून सौम्य उतार, म्हणजे झाकण सहज सरकतं, आणि खालून ४५ अंश, म्हणजे नख लावून उघडता येतं. खालून काटकोन दिला असता तर झाकण कायमचंच बसलं असतं, मग फेविक्विकने काय घोडं मारलं होतं?

आणि तरीही झाकण बसेना.

मी डब्याची आतली रुंदी ८६.८ ठेवली होती आणि झाकणही ८६.८. "दोन म्हणजे दोन" हा धडा मी ऐकला होता, पण पचला नव्हता. प्रत्येक बाजूला ०.२ सोडलं, झाकण ८६.४ केलं. आता ते आत गेलं, पण शेवटच्या कागदाएवढ्या उंचीला अडकलं. मी सगळीकडे पॉलिश पेपर मारला. काका आले, झाकणाच्या कडेला तीन जागी व्हर्नियर लावला, मग झाकण उलटं करून परत लावला.

"खालचा थर फुगलाय. बाकी सगळं बरोबर आहे, तू उगाच घासलंस."

पहिला थर तापलेल्या पाटावर दाबून बसवला जातो, म्हणून तो कडेला पसरतो, भाकरीच्या काठासारखा. झाकण पालथं छापलं होतं, त्यामुळे फुगवटा नेमका वरच्या कडेला. ती कड अर्ध्या मिलिमीटरने तिरकी छाटली आणि झाकण गेलं. पाच तासांचा डबा दरवेळी न छापता फक्त एका जिभेचा कोपरा छापून बघायचा, वीस मिनिटांत कळतं, हेही मला चौथ्या डब्यानंतर सुचलं. अर्धा किलो प्लॅस्टिक तोवर कचऱ्यात. ओला की सुका यावरून कचरेवालीशी वाद झाला तो वेगळाच. आम्ही तीन रंगांच्या बादल्या ठेवतो आणि ती सगळं एकाच गाडीत ओतते, पण माझं प्लॅस्टिक मात्र तिला चालत नाही. असो.

शेवटचा डबा पीईटीजी नावाच्या, उन्हात जास्त टिकणाऱ्या प्लॅस्टिकचा केला. केबिनच्या काचेतून दुपारचं ऊन थेट येतं, आणि पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. शिवाय झाकण बसल्यावर जीभ पूर्ण सरळ होईल एवढी खोबण मी ठेवली. ती थोडीशी जरी वाकलेली राहिली, तरी महिन्याभरात त्या वाकाची सवय होते आणि पकड सुटते. माणसांसारखंच, असं मी कमिटीत म्हणालो. कुणी हसलं नाही. खर्चाची पावती मागितली.

तर तो डबा लागला, आणि काल त्याला टेप लागली. मी वायरमनला खाली गाठला.

"अरे, का?"

"साहेब, मी दाबलं. आवाजच नाही आला. म्हटलं बसलं नसेल."

"पण ते असंच बसतं! हळू बसतं!"

"कट्ट असं व्हायला पाहिजे ना साहेब."

मला पहिल्या डब्याचा तो खणखणीत आवाज आठवला आणि मी गप्प बसलो. तेवढ्यात काका फिरून परत येत होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खिशात हात घातला. टेपचं सुटलेलं टोक नखाने उचललं, दुमडून जबड्यात धरलं, चष्मा वर केला.

"पॉइंट दोन सहा," ते म्हणाले. "दुहेरी. एका पदराला पॉइंट एक तीन." मग वायरमनच्या खांद्यावर हात ठेवला. "टेप चांगली आहे रे. कुठून आणलीस?"