दहा कपांचं मशीन आणि दुतोंड्या मारुती

विहीणबाई "आम्ही कॉफी घेतच नाही हो" असं म्हणाल्या, तेव्हाच मला कळलं की त्या घेतात. आणि आवडीनं घेतात. पण त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत भांडं रिकामं झालं होतं, आणि व्याह्यांकडच्या माणसांचा एक गुण असा की ते तोंडावर काही बोलत नाहीत. गाडीत बसल्यावर बोलतात.

माणसं दहा होती आणि मशीन दहा कपांचं. खोक्यावर तसं ठळक छापलंय. काचेच्या भांड्यावर दहा नंबरची रेघही आहे. त्या रेघेपर्यंत पाणी भरलं, पाकिटावर "एका कपाला दोन मोठे चमचे" असं होतं म्हणून मोजून वीस चमचे पावडर घातली. चार मग भरले, पाचवा निम्मा झाला आणि मशीननं घशातून खर्र असा आवाज काढून विषय संपवला. ज्यांना मिळाली त्यांचीही तोंडं वाकडी, कारण कॉफी कडूजहर.

दुसऱ्या दिवशी खोका काखोटीला मारून आणि पुराव्यादाखल घरचा मग पिशवीत घालून मी कॉलेज रोडवरच्या त्या दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा शांत होता.

"सर, यात दहा कपच येतात."

"कुठल्या कपानं?"

"कॉफीच्या, सर."

"हा मग कशाचा आहे मग?"

"तो मग आहे ना सर."

या वाक्याला उत्तर नाही. मी आवाज चढवण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात बाजूला कुकरची रिंग घ्यायला आलेल्या एका काकांनी आपली रिंग काउंटरवर ठेवली आणि खिशातून चष्मा काढला. नाशकात कोणी अनोळखी माणूस तुमच्या भांडणात पडण्याआधी चष्मा लावायला लागला, की समजावं, हे पेन्शनर आहेत आणि यांना आज दुसरं काम नाही.

"मी पाटबंधारे खात्यात होतो," काकांनी न विचारता सांगितलं. "तुमचा हा मग किती मिलिलिटरचा?"

"म्हणजे, नेहमीचाच आहे."

"मग भांडताय कशाच्या जोरावर?"

मी भांडत कंपनीशी होतो, पण काकांनी खटला आपल्याकडे घेतला होता. "असं बघा," ते म्हणाले, "गोदेला पूर आला की आपण काय विचारतो? दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. सगळ्या गावाला कळतं. का कळतं? मारुती जागचा हलत नाही आणि त्याची उंची बदलत नाही. आणि तरीसुद्धा गंगापूर धरणावर आम्ही 'कमरेइतकं पाणी सोडलं' असं लिहीत नव्हतो. क्युसेक लिहीत होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, 28.3 लिटर. तुमचा हा कप म्हणजे दर दुकानात उंची बदलणारा मारुती आहे. त्याच्या कमरेला काय अर्थ?"

मुलगा म्हणाला, "काका, तुमची रिंग पॅक करू का?" काका म्हणाले, "थांब. तो काटा इकडे घे."

काउंटरवर स्वयंपाकघरात वापरायचा एक डिजिटल वजनकाटा नमुन्यादाखल मांडला होता. काकांनी त्यावर माझा मग ठेवला, बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि दुकानातल्या पाण्याच्या जारखाली एक तांब्या भरून आणायला त्या मुलालाच पाठवलं. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर, हे त्यांनी दुकानात असलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. मग काठोकाठ भरला तेव्हा 290. "काठोकाठ कोण पितं? तुम्ही रोज पिता तेवढं भरा." मी भरलं. 240.

मग मशीनचं काचेचं भांडं. दहाच्या रेघेपर्यंत 1250.

"झालं!" काका म्हणाले. "यांचा कप 125 मिलीचा. तुमचा 240 चा. अर्ध्याला अर्धा."

मिक्सरचं भांडं बदलून घ्यायला आलेल्या एक बाई आता यात शिरल्या. त्यांच्याकडे राइस कुकरबरोबर एक प्लास्टिकचा कप आला होता आणि त्या कपानं केलेला केक बसला होता. साहजिक आहे, तो जपानी तांदळाचा कप, 180 मिलीचा. काकांनी फडताळावरचं मापाचं भांडं काढायला लावलं, त्यावर कपाची रेघ 240 ला. केकच्या चमच्यांबरोबर टांगलेल्या संचात एक कप 250 चा. एकाच दुकानात, एकाच भिंतीवर. काकांचा चेहरा असा फुलला, जसं काही हे सगळं त्यांनीच लपवून ठेवलं होतं. अमेरिकेतल्या मशीनचा कप बहुतेक वेळा 5 औंसांचा, म्हणजे 148 मिली असतो, आणि अमेरिकेतल्याच पाककृतीतला कप साधारण 237 चा. म्हणजे तिथल्या माणसाच्या घरातही हे दोघे एका ओट्यावर शेजारी शेजारी नांदतात. विहिरीसारख्या उभ्या इटालियन मोका पॉटवर "3 कप" लिहिलेलं असतं, ते एस्प्रेसोचे, पन्नासेक मिलीचे. तीन माणसांसाठी म्हणून ते आणलं तर एकाचा मग जेमतेम निम्मा भरतो.

"पण काका, 1250 भागिले 240 म्हणजे पाचाच्या वर जातं. माझे साडेचारच झाले."

हा प्रश्न विचारल्याचं मला आजही बरं वाटतं, कारण काका पहिल्यांदा गप्प झाले. उत्तर मला घरी येऊन चोथ्यात सापडलं. कॉफीची पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते आणि ते फिल्टरमध्येच राहतं. माझे वीस मोठे चमचे म्हणजे जवळपास 100 ग्रॅम पावडर. तिनं 200 मिली पाणी पिऊन टाकलं. उरलं 1050, म्हणजे चार मग आणि पाचव्याचा निम्म्याला थोडं कमी. हिशेब थेंबाला थेंब जुळला.

कडवटपणाचंही तेच. "एका कपाला दोन चमचे" म्हणणाऱ्या पाकिटाच्या मनातला कप बहुधा जुना 6 औंसांचा असतो, सुमारे 180 मिली. त्या हिशेबानं वीस चमचे 1800 मिलीला पुरले असते. मी ते 1250 मध्ये कोंबले, कारण रेघेवर दहा लिहिलं होतं आणि पाकिटावर दोन. दोन्ही छापील, दोन्ही प्रामाणिक, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. उलट कोणी दोन चमचे माझ्या 240 च्या मगाला घातले, तर कॉफी पाणचट होते आणि दोष पावडरीला लागतो. आमच्या घरी बरीच पाकिटं अशीच बदनाम झाली आहेत.

मशीन परत घेतलं का? नाही. "सर, यात आता पाणी भरलंय." पाणी त्यांच्याच जारचं होतं, आणि त्यांच्याच माणसानं आणलं होतं. पण खोक्याच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, "1.25 लिटर" छापलेलं त्या मुलानं मला बोट ठेवून दाखवलं. म्हणजे त्यांना माहीत होतं! वर फुटभर अक्षरात कप आणि खाली मुंगीत लिटर. काकांनी रिंगेचे पैसे दिले आणि खूश होऊन निघून गेले. मी मशीनसकट तो काटाही घेऊन आलो. पूर्ण किमतीत.

आता घरी कप हा शब्द ओट्यावर चालत नाही. आधी काट्यावर रिकामा कप ठेवायचा, शून्य करायचं, आणि ज्यात पाहुण्यांना देणार त्यात, जिथपर्यंत देणार तिथपर्यंत पाणी ओतायचं. आमच्या बशीवाल्या कपात 150 बसतं. पाहुण्यांना दूध लागतं, तेव्हा त्यातलं 50 दूध आणि 100 कॉफी. दहा माणसांना खाली एक लिटर कॉफी पडायला हवी. पावडर लिटरभर पाण्याला 60 ग्रॅम धरायची. स्पेशालिटी कॉफीवाल्यांच्या संघटनेचं माप 55 ग्रॅम, दहा टक्के इकडेतिकडे, त्यात हे बसतं. 60 ग्रॅम पावडर 120 मिली पाणी पिणार, म्हणजे लिटरमागे खाली 880 येणार. म्हणून 1000 ला 880 नी उलटं भागायचं: 1140 मिली पाणी आणि 68 ग्रॅम पावडर. रेघेच्या आत बसतं, एकाच खेपेत होतं. सगळे बिनदुधाचे असते तर 1700 पाणी लागलं असतं, मग 850 च्या दोन खेपा, दर खेपेला 51 ग्रॅम.

चमच्यानं हे होत नाही. बारीक दळलेली आणि जाडसर पावडर, हलकी भाजलेली आणि काळीकुट्ट भाजलेली, एकाच चमच्यात वेगवेगळी भरते. शिगोशीग आणि सपाट यातला फरक तर हात बदलला की बदलतो. काचेच्या भांड्यावर मी पांढऱ्या टेपची पट्टी लावली आहे, त्यावर मिली लिहिलेत, आणि छापील आकडे टेपखाली गेलेत. बायको म्हणते, "अहो, कॉफी करताय की औषध?" तिला मी चोथ्याचं गणित समजावत होतो, ती अर्ध्यात उठून गेली.

एवढं करून बाहेर काही उपयोग नाही. गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत मी विचारलं, कॅपुचिनो किती मिलीची? मुलगी म्हणाली, "सर, स्मॉल, मीडियम, लार्ज." साधारणपणे एस्प्रेसो 30 मिलीचा आणि जुन्या धर्तीची कॅपुचिनो दीडशे ते एकशे ऐंशीची. कप वाढतो तेव्हा पुष्कळदा एस्प्रेसो तेवढाच राहतो आणि दूध वाढतं, वर फेसाची हवा. म्हणून विचारलं, लार्जमध्ये एस्प्रेसो एकच की दोन? तिनं आत जाऊन कोणाला तरी विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "सर, लार्ज म्हणजे कप मोठा येतो."

शेजारच्या फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटलीवर मिली छापलेले, कारण बंद पाकिटावर वजन-माप छापायचा कायदा आहे. बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम आहेत. पाण्यापेक्षा कितीतरी महाग जी कॉफी, तिला फक्त मोठी आणि लहान. बिल मात्र जीएसटीसकट दोन दशांशांपर्यंत आलं.