आठवीची सरासरी ६ ऑक्टोबर

आमच्या आठवीच्या वर्गाची गणिताची सरासरी ६ ऑक्टोबर आली. मस्करी नाही, स्क्रीनवर तसंच दिसत होतं, 06-Oct.

झालं असं की सत्राचा अहवाल त्याच दिवशी पाहिजे होता, शाळेत लाईन नव्हती, म्हणून मी पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन बसलो. शीट भरली होती आमच्या सहकारी सरांनी. वर्कशीट १० मार्कांची, तर त्यांनी प्रत्येक पोराचे मार्क कागदावर लिहितात तसे टाकले, 7/10, 4/10, 9/10. एक्सेलला वाटलं तारखा आहेत. 7/10 म्हणजे ७ ऑक्टोबर, आणि त्याच्या पोटात २०२५ मधल्या त्या तारखेचा आकडा, 45937. फॉरमॅट बदलून General केलं तर ७ परत येत नाही, हाच 45937 समोर येऊन बसतो.

बाजूला एक बुढा सातबारा काढायला बसला होता. सर्व्हर डाऊन, त्यामुळे त्याला दुसरं काम नाही. माझ्या हातातली यादी त्याने मान तिरपी करून वाचली.

"सर, हा सातदहा कोन्या गटाचा हाय?"

म्हटलं, बाबा, हे मार्क आहेत.

"नाही, मी म्हटलं आता सातबाऱ्याचा सातदहा केला का काय सरकारनं. दोन कमी करून." मग स्क्रीनकडे बोट. "अन् पोट्ट्याईले तारीख काऊन देऊन राह्यले? कोर्टात गेले का पोट्टे?"

दुकानातले सगळे हसले, झेरॉक्सवालाही, आणि तो तर तासाचे पैसे घेतो. मी कपाळाला हात लावून शेजारच्या कॉलममध्ये हे टाकलं आणि खालपर्यंत ओढलं:

```
=IF(ISNUMBER(C2),DAY(C2),C2)
```

तारखेतला दिवस म्हणजेच मार्क, त्यामुळे सगळे परत मिळाले. गैरहजर पोरांसमोर "गै" होतं ते तसंच राहिलं. पट २४, हजर २०, बेरीज १३०, सरासरी ६.५. पासचे १७ म्हणजे ८५ टक्के. ६५ टक्क्यांना श्रेणी ब-२. AVERAGE अक्षरं धरतच नाही, म्हणून "गै" वाले आपोआप बाहेर. पीडीएफ पाठवली आणि चहा सांगितला.

चहा यायच्या आत ऑफिसातून फोन. "सर, तुमची सरासरी चुकली. १३० भागिले २४ करा ना, ५.४२ येते."

मी म्हटलं साहेब, ते चौघं पेपरालाच नव्हते, सोयाबीनच्या सोंगणीला गेले होते. त्यांना येतं का नाही हे आपल्याला कुठं माहीत आहे, शून्य कसं धरायचं? शून्य म्हणजे बसला आणि काहीच आलं नाही. तर म्हणे, "कॉलम पटाचा हाय, पटानंच भागा. गैच्या जागी शून्य टाका, आपोआप होते." आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत भागाकार मला कॅल्क्युलेटरवाल्याकडून शिकावा लागला!

बुढ्याने सगळं ऐकलं होतंच. म्हणाला, "म्हंजे माह्या सहा एकरातलं चार एकर पेरलं, अन् उतारा सहावर काढा म्हनते का थो?"

हो बाबा, अगदी तेच. एवढं साधं त्याला कळलं, त्या साहेबाला नाही. बरं, अहवालात हजर किती याला रकानाच नाही, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळायचा मार्ग बंद. वर हेच लोक सत्र संपल्यावर मीटिंगमध्ये विचारणार, सर, तुमच्या वर्गाची गुणवत्ता घसरली कशी? ज्या पोराला मी अजून तपासलाच नाही त्याची गुणवत्ता घसरलेली आहे, आणि जो नापास झाला त्याच्यासाठी उपचारात्मक वर्ग घ्या म्हणून पत्र येणार, त्यात हे चौघंही. मग ते म्हणतील सर, आम्ही तर पेपरच नाही दिला. आणि ते खरं बोलतील.

शून्य टाकले. शीट लगेच पालटली. सरासरी ५.४२, पास १७ भागिले २४, म्हणजे ७०.८३ टक्के, श्रेणी क-१. एकाही पोराचा एकही मार्क बदलला नाही आणि वर्ग एक श्रेणी खाली. शेरा या रकान्यात मी "४ गैरहजर, शून्य धरले" लिहायला गेलो, तर खाली सूचना, शेरा लिहू नये.

"किती आली मंग पैसेवारी?" बुढ्याने विचारलं.

चोपन्न, म्हटलं.

"पन्नासच्या वर गेली ना बाप्पा," तो उठत म्हणाला, कारण त्याचा सर्व्हर आला होता. "मंग काई नाही भेटत तुमाले."