पन्नास क्रेट्स आणि एक दूधवाला

वर्तमानपत्रातलं विनोदी सदर हा नाशवंत माल आहे. लेखक ते संध्याकाळी लिहितो, वाचक सकाळी चहाबरोबर संपवतो आणि दुपारी त्यात भजी बांधली जातात. या साखळीत इंग्रजी अनुवादकाला कुठेच जागा नाही. तरीही कुणीतरी ते भज्यांचं तेल पुसून माझ्यापुढे ठेवतं आणि म्हणतं, "इंग्रजीत करून द्या. महाराष्ट्राबाहेरच्यांना काही माहीत नाही असं धरून चाला. पण विनोद जाऊ देऊ नका हं."

विनोद जाऊ देऊ नका! बर्फाचा गोळा उन्हातून डोंबिवलीला नेऊन द्या, पण वितळू देऊ नका.

नमुन्यादाखल ऑगस्ट 2022 मधल्या एखाद्या सदरात शोभेल असा परिच्छेद इथे मीच रचून घेतो, म्हणजे कुणा सदरलेखकाचा रोष नको:

"विधानभवनाच्या पायऱ्यांवर म्हणे लोकशाही नांदते आहे. एका आमदारसाहेबांनी जूनमध्येच झाडी, डोंगार आणि हाटील यांची सखोल पाहणी करून सर्व काही ओक्केमध्ये असल्याचा अहवाल दिला होता. खोक्यांबाबत विचारणा झाली असता सारेच मंद हसते झाले. पुढचा शपथविधी पहाटे ठेवू नये, एवढीच आमची विनंती. दूधवाल्याची गैरसोय होते."

पाच वाक्यं. मराठी वाचकाला अर्धं मिनिट पुरतं. मला दोन दिवस लागतात, आणि त्यातला पहिला दिवस एकही इंग्रजी शब्द न लिहिता जातो.

पहिल्या दिवशी मी फक्त एक यादी करतो: हसण्यासाठी वाचकाला आधीपासून काय माहीत असायला हवं? जून 2022 मध्ये शिवसेनेच्या आमदारांचा एक गट आधी सुरतला आणि मग गुवाहाटीला जाऊन हॉटेलात राहिला आणि इकडे मुंबईत सरकार पडलं. तिथून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील कार्यकर्त्याशी फोनवर बोलले, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील", सगळं ओक्केमध्ये आहे. ते बोलणं राज्यभर वाजलं. ऑगस्टच्या अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर "पन्नास खोके, एकदम ओक्के" अशा घोषणा दिल्या. प्रत्येकी पन्नास कोटी घेतल्याचा तो आरोप होता, आणि ज्यांच्यावर होता त्यांनी तो फेटाळला. शिवाय 23 नोव्हेंबर 2019 चा तो प्रसिद्ध शपथविधी.

आता हे सगळं ठेवायचं कुठे? नवशिका अनुवादक तळटीप टाकतो. तळटीप म्हणजे विनोदाचं शवविच्छेदन. वाचक वाक्य वाचतो, हसत नाही, खाली जातो, कारण समजून घेतो, वर येतो आणि तरीही हसत नाही, कारण हशाची वेळ निघून गेलेली असते. माहिती विनोदाच्या आधी पोचली पाहिजे. नंतर पोचली तर तिला खुलासा म्हणतात, आणि खुलासे राजकारणीच देतात.

म्हणून मी माहितीचे दोन ढीग करतो. जी मुळातच कोरडी आहे ती लेखाच्या डोक्यावर तिरप्या अक्षरांत, पन्नास-साठ शब्दांत: कोण फुटलं, कधी, सरकारचं काय झालं. जी माहिती स्वतःच गमतीची आहे ती तिथे अजिबात घालायची नाही. डोंगाराचं वाक्य टिपेत आधीच सांगून टाकलं तर वाचकाचं पोट स्टार्टरवरच भरतं. ती मजकुरातच विरघळवायची, आणि विरघळवताना सूर सदरलेखकाचाच ठेवायचा. पारखायला सोपं आहे. आपण घातलेले शब्द मोठ्याने वाचायचे. मध्येच विकिपीडिया बोलू लागला असं वाटलं, की खोडायचे.

शपथविधीचंच घ्या. आपण सगळे त्याला "पहाटेचा" म्हणतो. राष्ट्रपती राजवट उठल्याची वेळ नोंदली गेली ती पहाटे 5:47 ची, पण देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली तेव्हा आठ वाजत आले होते. नोव्हेंबरात मुंबईत सातच्या आत सूर्य उगवतो. मराठीत "पहाटेचा" हे आता त्या सोहळ्याचं नाव झालं आहे, त्याला घड्याळ लागत नाही. इंग्रजीत मात्र "डॉन" लिहिलं की ते विधान होतं, आणि कुणीतरी सूर्योदयाची वेळ काढून पत्र पाठवतं. इथे खरी माहितीच मदतीला येते. त्या दिवशी सकाळी दारात पडलेल्या वर्तमानपत्रांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार अशी बातमी होती. मग मी लिहितो, पेपर टाकणारा पोरगा जिना उतरायच्या आत ज्याने त्याचे पेपर खोटे पाडले असा शपथविधी. वेळही कळली, धक्काही कळला आणि सूरही सुटला नाही. ते सरकार जेमतेम 80 तास टिकलं हे मोहात पाडणारं आहे, पण दूधवाल्याच्या विनोदाला त्याची गरज नाही. गरज नसलेली गमतीची माहिती कापताना सगळ्यात जास्त दुखतं.

खोक्यांचा प्रश्न अवघड. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. (पेटी म्हणजे हार्मोनियमही, तो गोंधळ या परिच्छेदात नाही याबद्दल देवाचे आभार.) सरळ "फिफ्टी बॉक्सेस" केलं तर वाचकाला वाटतं, आमदार घर बदलत होते. "फाइव्ह हंड्रेड मिलियन रुपीज" केलं तर हिशेब बरोबर येतो, पण पायऱ्यांवरची घोषणा बँकेचा ताळेबंद होते. शिवाय मोठं संकट वेगळंच आहे: "खोका" हा शब्द बोलतो आणि नामानिराळाही राहतो. त्याच्या जागी स्पष्ट "लाच" लिहिली की आरोपाचं विधान झालं, आणि ते अनुवादकाच्या नावावर. म्हणून वस्तू वस्तूच ठेवायची, आणि ही बोली शहरातली आहे, एका क्रेटमध्ये एक कोटी मावतात असं म्हणतात, एवढं जाता जाता सांगायचं. बॉक्स नको, क्रेट हवा. का ते पुढे.

कारण घोषणेचा जीव यमकात आहे: खोके, ओक्के. आणि हा ओक्के आकाशातून पडलेला नाही; तो गुवाहाटीच्या फोनवरून आलेला आहे. हसणाऱ्याला दोन्ही ओक्के एकमेकांना टाळी देताना ऐकू येतात. अनुवादात एक जरी वेगळा झाला की टाळी हवेत. मी जे काही शिकलो आहे ते एवढंच, की अशा वेळी शेवटून सुरुवात करायची. आधी घोषणा सोडवायची. बऱ्याच कागदांनंतर "फिफ्टी क्रेट्स, फीलिंग ग्रेट" हाती लागतं. शेवटचा "स" यमकात बसत नाही, पण घोषणा देणारे तसंही व्याकरणाला थांबत नाहीत. आता मागे जायचं आणि फोनवरच्या ओक्केला मुद्दाम "ग्रेट" करायचं: व्हॉट ट्रीज, व्हॉट हिल्स, व्हॉट अ होटेल, एव्हरीथिंग्ज जस्ट ग्रेट. ओके इंग्रजीच शब्द असताना त्याचा इंग्रजीत अनुवाद करावा लागतो, हे घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

डोंगार मात्र गेला. "डोंगर" आणि "डोंगार" यांच्यात एका कान्याचा फरक आहे, आणि त्या कान्यात अख्खा सांगोला बसलेला आहे. त्याच्या बदल्यात अमेरिकेतल्या खेड्यातली इंग्रजी बोली घालायचा सल्ला मिळतो. घालून बघितलीही आहे. बापू एकदम काउबॉय हॅट घालून गुवाहाटीच्या लॉबीत उभे राहिले. तेव्हा बोली सोडायची आणि "व्हॉट" तीनदा ठेवायचा. सरकार कोसळत असताना माणूस झाडांचं कौतुक करतो आहे ही विसंगती त्या तीन "व्हॉट"वर उभी राहते, फक्त तो मुंबईपासून दोन हजार किलोमीटरांहून दूर कशासाठी बसला आहे हे वर टिपेत आलेलं हवं.

सरकारी भाषेतली खोच सहज पार होते. "सखोल पाहणी करून अहवाल दिला" याला तयार इंग्रजी आहे, कारण आपली सरकारी मराठी त्याच साच्यातून निघालेली. "हसते झाले" हे पोथीतलं क्रियापद. त्याला बायबलच्या जुन्या इंग्रजीतलं "डिड स्माइल" चालतं. "साहेब" मात्र धोक्याचे. ते "साहिब" झाले की लगेच हत्तीवर बसतात आणि शिकारीला निघतात. "द ऑनरेबल मेंबर" करावं. आपल्या आदरार्थी बहुवचनात जो चिमटा असतो तो इंग्रजी क्रियापदाला काढता येत नाही, म्हणून पदवीवर सगळा भार.

उरला "म्हणे". दोन अक्षरं, आणि सगळा उपरोध त्यांच्या खांद्यावर. "अलेजेडली" केलं तर पोलिसांची डायरी होते. "इट इज सेड" केलं तर लोककथा. "सो-कॉल्ड" केलं तर आपण चिडलो आहोत हे कळतं, आणि उपरोधात चिडलेला माणूस हरतो. "अपॅरंटली" सगळ्यात जवळचं, पण जागा महत्त्वाची. वाक्याच्या सुरुवातीला टाकलं की ते गंभीर होतं, आणि वाक्य पूर्ण ठामपणे संपवून, स्वल्पविराम देऊन, शेवटी टाकलं की भुवई उंचावते: डेमॉक्रसी इज फ्लरिशिंग ऑन द स्टेप्स, अपॅरंटली.

मग परीक्षा. महाराष्ट्राशी संबंध नसलेल्या, शक्यतो भिडस्त नसलेल्या माणसाला कागद द्यायचा आणि समोर बसून राहायचं. "आवडलं का" विचारायचं नाही. माणसं खोटं बोलतात. तो कुठे थांबला, कुठे ओळ परत वाचायला मागे गेला, एवढं पेन्सिलीने टिपायचं. हसला आणि मग प्रश्न विचारला, तर काही बिघडलेलं नाही. आधी विचारलं आणि मग हसला, तर माहितीची जागा चुकली. विचारलंही नाही आणि हसलाही नाही, तर ते वाक्य त्याला सरळ अर्थाने पटलं आहे, आणि हे सगळ्यात वाईट: लोकशाही खरोखरच पायऱ्यांवर नांदते आहे असं समजून तो समाधानाने पुढे गेला.

एवढं सगळं निस्तरून मजकूर पाठवला की संपादकांची प्रत शंकांसह परत येते. गुवाहाटीवर शंका नाही. क्रेट्सवर नाही. ज्याच्याकडे आपण ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं त्या शेवटच्या शब्दाभोवती लाल गोल असतो आणि समासात लिहिलेलं असतं: यांच्याकडे दूध सकाळी घरी कोण आणून देतं, आणि का?